क्रिएटिनिन २.२ आणि तीन दिवसांचे जुलाब

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगा आईला दंडाला धरून माझ्या ओपीडीत घेऊन आला. काकूंचं वय ६४. सहा वर्षांपासून त्या बीपी आणि शुगरसाठी माझ्याकडे येतात. दर दोन-तीन महिन्यांनी फाइल घेऊन वेळेवर हजर असतात, गोळी कधी चुकवत नाहीत. त्या दिवशी मात्र खुर्चीपर्यंत पोहोचायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. मुलाने बसायच्या आत रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, आईची किडनी गेली. लॅबवाल्यांनी सांगितलं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, डायलिसिस लागेल."

रिपोर्टवर ब्लड युरिया १२४ होतं आणि क्रिएटिनिन २.२. त्याखाली ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, २४, आणि शेजारच्या चौकटीत ईजीएफआरच्या पायऱ्यांचा तक्ता. काकूंचा आकडा त्यात चौथ्या टप्प्यात पडत होता. युरियाची नेहमीची मर्यादा साधारण १५ ते ४० आणि बायकांमध्ये क्रिएटिनिनची साधारण ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. हे माहीत असलेल्या कुणाच्याही पोटात गोळा यावा असेच ते आकडे होते.

रिपोर्ट बाजूला ठेवून मी काकूंची फाइल उघडली. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत युरिया २६ आणि क्रिएटिनिन ०.९ होतं, म्हणजे ईजीएफआर सत्तरच्या आसपास. पुढचा सगळा विचार मी या एका जुन्या कागदाच्या आधाराने केला. मधुमेहाने किंवा बीपीने किडनी हळूहळू खराब होते तेव्हा क्रिएटिनिन सहसा वर्षांच्या हिशेबाने चढतं. आठ महिन्यांत ०.९ वरून २.२ झालं असेल तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं. काय घडलं, ते काकूंच्या तोंडावरच दिसत होतं. जीभ वाळलेली, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला.

रविवारी भाच्याचं लग्न होतं. सोमवारी पहाटे उलट्या सुरू झाल्या, पहिल्या दिवशी पाच-सहा. दुपारपासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला आठ-दहा वेळा. रक्त नाही, आव नाही, ताप नाही. लग्नाला आलेल्या आणखी चार-पाच जणांनाही तोच त्रास झाला होता. इथपर्यंत रोज ऐकू येणारी हकिकत. मग मी विचारलं, या तीन दिवसांत पोटात काय काय गेलं?

"अन्न नाहीच गेलं. पाणी पीत होते थोडं थोडं, कोरा चहा घेतला."

"ओआरएस?"

मुलगा म्हणाला, "आणलं होतं डॉक्टर, पण त्यात साखर असते ना. आईला शुगर आहे म्हणून दिलं नाही."

"आणि रोजच्या गोळ्या?"

काकू जरा अभिमानानेच म्हणाल्या, "त्या नाही चुकवल्या. एक दिवस उलटीत पडली, तर परत घेतली."

बीपीसाठी त्यांना टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी जोडगोळी होती, शुगरसाठी मेटफॉर्मिन. शिवाय अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. शेवटची लघवी पहाटे झाली होती, थोडीशी आणि गडद पिवळी.

तपासताना आडवं असताना बीपी १०४/६६ आणि नाडी १०४ होती. उभं केल्यावर दोन मिनिटांत बीपी ८४/५८ वर आलं, नाडी १२८ झाली आणि काकू म्हणाल्या, "डोळ्यांपुढं अंधारी आली." वजन ५४.८ किलो भरलं. दोन महिन्यांपूर्वी याच काट्यावर ते ५८ होतं. सव्वातीन किलो चरबी किंवा स्नायू तीन दिवसांत जात नाहीत. जातं ते पाणी. म्हणजे काकूंच्या शरीरात साधारण तीन लिटरची तूट होती. घरच्यांना हा आकडा सांगितला की लगेच समजतं. तीन लिटर म्हणजे पाण्याच्या मोठ्या तीन बाटल्या.

युरिया इतकं का चढलं

युरिया आणि क्रिएटिनिन ही दोन्ही रक्तातली टाकाऊ द्रव्यं आणि दोन्ही किडनीच्या गाळणीतून खाली उतरतात. पण त्यानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. क्रिएटिनिन स्नायूंतून जवळजवळ ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि एकदा गाळलं गेलं की परत रक्तात शिरत नाही. उलट थोडंसं क्रिएटिनिन गाळणीपुढच्या बारीक नलिकांच्या भिंतींतून लघवीत वेगळं सोडलं जातं. युरिया प्रथिनांच्या पचनातून यकृतात तयार होतं, आणि गाळलेल्या युरियापैकी बराचसा भाग, एरवीही साधारण चाळीस-पन्नास टक्के, नलिकांतून रक्तात परत जातो.

शेतातल्या पाटाचं पाणी पाहिलेल्यांना पुढची गोष्ट सहज कळेल. पाटाला जोर असतो तेव्हा पाणी सरळ शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचतं. धार संथ झाली की वाटेतच जास्त मुरतं, आणि पाण्यात विरघळलेलं जे काही असेल तेही त्याच्याबरोबर मुरतं. तळाचे खडे मात्र मुरत नाहीत, ते पाटातच राहतात. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीकडे येणारं रक्त कमी होतं आणि नलिकांमधला प्रवाह संथ होतो. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायचा आटापिटा करतं, मेंदूतून पाणी राखणारं संप्रेरक सुटतं, आणि तेच संप्रेरक नलिकांच्या शेवटच्या भागात युरिया परत जाण्याची दारंही उघडतं. पाण्याबरोबर युरिया रक्तात परत मुरतं. क्रिएटिनिन त्या खड्यांसारखं असतं. गाळणीचा वेग मंदावला म्हणून तेही रक्तात साठतं, पण युरियाइतकं नाही. म्हणून पाणी कमी झालेल्या माणसात दोन्ही वाढतात आणि युरिया जास्त पटीने वाढतं.

काकूंच्या बाबतीत यावर गोळ्यांची भर पडली होती. रक्ताचा पुरवठा कमी झाला तरी गाळणीतला दाब टिकवायला किडनी दोन युक्त्या करते. गाळणीत रक्त आणणारी नळी रुंद ठेवते आणि रक्त बाहेर नेणारी नळी आवळते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं पहिली युक्ती मोडतात आणि टेल्मिसार्टन दुसरी. तिसरीकडून हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे आणखी मीठ-पाणी घालवत राहतं. एरवी टेल्मिसार्टन मधुमेही माणसाच्या किडनीचं रक्षण करणारी गोळी आहे आणि मी ती त्याच कारणासाठी दिली होती. पण अंगात पाणी नसताना तीच गोळी किडनीच्या हातातला शेवटचा आधार काढून घेते. काकूंनी निष्ठेने घेतलेल्या गोळ्यांनी त्यांचं क्रिएटिनिन नुसत्या जुलाबांनी चढलं असतं त्याहून वर नेलं, असं मला वाटतं. आणि याची जबाबदारी माझीही आहे. सहा वर्षांत मी त्यांना "गोळी चुकवू नका" असं पन्नास वेळा सांगितलं असेल. "जुलाब-उलट्या झाल्या तर थांबवा" हे एकदाही सांगितलं नव्हतं.

गुणोत्तराचा हिशेब, आणि मुलाचा प्रश्न

मी काकूंना आत खाटेवर घेतलं, सलाईनची सोय करायला सांगितली आणि मुलाशी बोलायला बाहेर आलो. तो शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा. तोवर त्याने मोबाइलवर बरंच वाचून काढलं होतं.

"डॉक्टर, हे युरिया आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर वीसच्या वर असेल तर पाणी कमी झालंय असं समजतात ना? मी भागून पाहिलं. १२४ भागिले २.२ म्हणजे ५६. पण मग आईच्या जुन्या रिपोर्टवर २६ भागिले ०.९, तेसुद्धा २९ येतं. म्हणजे आईला आधीपासूनच पाणी कमी पडत होतं का?"

प्रश्न रास्त होता. या चुकीत फक्त घरचे लोक अडकत नाहीत, नवशिके डॉक्टरही अडकतात, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. वीसची ही मर्यादा अमेरिकी पुस्तकांतून आली आहे आणि तिथे युरिया मोजत नाहीत, युरियातला फक्त नायट्रोजन मोजतात. त्याला ब्लड युरिया नायट्रोजन, म्हणजे बीयूएन म्हणतात. युरियाच्या रेणूचं वजन ६० आणि त्यातल्या दोन नायट्रोजन अणूंचं २८. म्हणून युरियाच्या आकड्याला ०.४६७ ने गुणलं, किंवा सोप्या भाषेत २.१४ ने भागलं, की बीयूएन मिळतं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पूर्ण युरिया छापतात, काही बीयूएन छापतात, आणि काही दोन्ही. युरियाला थेट क्रिएटिनिनने भागलं तर उत्तर दुपटीहून जास्त येतं आणि ठणठणीत माणूससुद्धा कोरडा पडलेला दिसतो.

मी कागदावर मांडून दाखवलं. जुना रिपोर्ट: युरिया २६, म्हणजे बीयूएन १२. त्याला ०.९ ने भागलं की साडेतेरा येतात. एरवीचं गुणोत्तर दहा ते वीसच्या मध्ये असतं, म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं. आजचा रिपोर्ट: युरिया १२४, बीयूएन ५८, भागिले २.२ म्हणजे २६. वीसच्या वर. थेट युरियाच घ्यायचं असेल तर मर्यादा वीसऐवजी साधारण चाळीस धरायची. ५६ ही त्याच्या वर आणि २९ त्याच्या खाली. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे नक्की पाणीच कमी पडलं?"

मी म्हटलं, "नक्की नाही. गुणोत्तर बोट दाखवतं, निकाल देत नाही."

जे वगळायला हवं होतं

बीयूएन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर वाढवणारी कारणं आणखीही आहेत. त्यातलं एक काकूंच्या बाबतीत मला खरोखर धास्तावत होतं. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला तर ते रक्त पचतं. रक्त म्हणजे प्रथिनंच, त्यांचं युरिया होतं आणि गुणोत्तर चढतं. नाडी वेगवान, बीपी पडलेलं, उभं राहिलं की अंधारी, हे सगळं रक्तस्रावातही असंच दिसतं. आणि काकूंनी दोन दिवस उपाशीपोटी डायक्लोफिनॅक घेतली होती. म्हणून मी पुन्हा विचारलं, शौचाचा रंग डांबरासारखा काळा, चिकट होता का? उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं का? नाही. हिमोग्लोबिन १३.६ आलं. एरवी काकूंचं १२ च्या आसपास असतं. पाणी कमी झाल्याने रक्त दाटलं की हिमोग्लोबिन फुगून दिसतं, म्हणून या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नव्हतं. पाणी भरल्यावर ते पुन्हा तपासायचं ठरवलं.

स्टेरॉइडच्या गोळ्या, खूप ताप आणि जंतुसंसर्ग यांनीही शरीरातली प्रथिनं मोडून युरिया चढतं. काकूंना यातलं काही नव्हतं. त्यांच्या अंगावर स्नायू बऱ्यापैकी आहेत, हेही मी पाहिलं. अगदी कृश, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसात स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन मुळातच ०.४-०.५ असतं आणि गुणोत्तर कायमच जास्त दिसतं. अशा आजीचं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्टवर ते ठळकही होत नाही, पण प्रत्यक्षात ते दुप्पट झालेलं असतं. त्या रिपोर्टने मला जास्त काळजी वाटते.

लघवीचा नमुना मिळाला तेवढा पाठवला. विशिष्ट गुरुत्व १.०२८ आलं. म्हणजे किडनी लघवी घट्ट करू शकत होती, पाणी राखायचं काम तिला अजून जमत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली काही स्वच्छ, पारदर्शक साचे, म्हणजे नलिकांत गोठून लघवीतून आलेले बारीक तुकडे दिसले, रक्तपेशी नाहीत, प्रथिनं नावापुरती. नलिकांना खरी इजा झाली की मळकट तपकिरी, दाणेदार साचे दिसतात. ते नव्हते. लघवीतलं सोडियम मी मुद्दाम मागवलं नाही. ते कमी असणं ही एरवी चांगली खूण आहे, पण हायड्रोक्लोरोथायझाइड पोटात असताना लघवीत सोडियम जातंच, आणि खूप उलट्या झालेल्या माणसातही ते फसवं वाढतं. फसवणारा आकडा समोर असला की तो मनात घर करतो. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या दहा सेंटिमीटरच्या आसपास, पोत चांगला, कुठे सूज किंवा अडथळा नाही. जुनाट आजारात किडन्या पुष्कळदा लहान झालेल्या असतात. मधुमेहात मात्र त्या मोठ्याच राहू शकतात, म्हणून या एकट्या खुणेवर मी भरवसा ठेवला नसता. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता म्हणून ठेवला.

राहिला ईजीएफआर २४. हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असल्याचं गृहीत धरून बनवलेलं आहे. क्रिएटिनिन आज चढतंय, उद्या उतरणार आहे, अशा वेळी त्यातून येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. किडनीच्या जुनाट आजाराचे टप्पे तर तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या बिघाडालाच लावतात. तीन दिवसांच्या जुलाबानंतर "चौथा टप्पा" हे शब्द कुणी उच्चारूच नयेत. मशीन तो आकडा आपोआप छापतं आणि घरच्यांची रात्र झोपेविना जाते. काकूंच्या स्थितीचं खरं नाव होतं किडनीची तीव्र इजा. क्रिएटिनिन मूळच्या जवळजवळ अडीचपट झालं होतं, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दुसरी पायरी. "तात्पुरतं आहे" म्हणून ते हलक्यात घ्यायचं नव्हतं. वेळेत पाणी मिळालं तर ते तात्पुरतं राहतं.

पाणी भरणं

टेल्मिसार्टन-थायझाइड, मेटफॉर्मिन आणि डायक्लोफिनॅक तीन्ही बंद केलं. मेटफॉर्मिनने किडनीला इजा होत नाही, पण किडनी मंदावली की ते शरीरात साठतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. काकूंच्या रक्तातलं आम्ल झेलणारं बायकार्बोनेट आधीच १७ पर्यंत उतरलं होतं, जुलाबातून क्षार वाहून गेल्यामुळे. सोडियम १३२, पोटॅशियम ३.३. सोडियम कमी होण्याचं कारण समोरच होतं: मीठ जुलाबातून आणि थायझाइडमुळे जात होतं आणि पोटात जात होतं नुसतं पाणी आणि कोरा चहा.

रिंगर लॅक्टेटची पहिली अर्धा लिटर बाटली अर्ध्या तासात दिली, पुन्हा नाडी-बीपी पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावून फुफ्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याची कुरकुर ऐकू येते का ते तपासलं, मग दुसरी अर्धा लिटर तासाभरात. दोन तासांनी नाडी ९६ आणि बीपी ११२/७०. पुढच्या दिवसभरात आणखी दोन लिटर शिरेतून, आणि उलटी थांबल्यावर तोंडावाटे ओआरएस, दर जुलाबानंतर एक पेला. वयस्कर माणसाला एकदम सगळं ओतायचं नसतं. दर टप्प्यावर पाहत पुढे जावं लागतं.

ओआरएसवरून काकू बिचकल्या. "साखर वाढेल ना?" एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, जवळपास तीन लहान चमचे. ते चवीसाठी नसतं. आतड्यात मीठ आत ओढून घेणारी वाट ग्लुकोजच्या जोडीनेच उघडते आणि मिठापाठोपाठ पाणी जातं. जुलाबातही ही वाट बहुतेक शाबूत असते. मधुमेही माणसाला ओआरएस द्यायचंच, शुगर तपासत राहायचं आणि गरज पडली तर औषध बदलायचं. काकूंची शुगर त्या दिवशी १६८ होती, दुसऱ्या दिवशी १८२. त्यासाठी काही करावं लागलं नाही. मुलाला एवढंच बजावलं की पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने टाकली तर द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. दुकानात ओआरएससारख्याच खोक्यात मिळणारी गोड पेयं ओआरएस नव्हेत.

दुपारी चारला काकूंनी २५० मिली लघवी केली. खरं सांगतो, त्या दिवशी मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या मोजपात्राने जास्त धीर दिला. लघवी सुरू झाल्यावरच पोटॅशियमचं औषध तोंडावाटे दिलं. किडनी बंद असताना पोटॅशियम भरणं धोक्याचं असतं.

शुक्रवारी सकाळी युरिया ८६, क्रिएटिनिन १.६. शनिवारी युरिया ५२, क्रिएटिनिन १.२. बीयूएनमध्ये मांडलं तर गुणोत्तर आधी २५ आणि मग २० झालं. पाणी पोहोचल्यावर २४ ते ७२ तासांत क्रिएटिनिन असं स्पष्ट उतरलं, तर पाण्याचीच तूट होती याचा त्याहून चांगला पुरावा नाही. गुणोत्तर आधी दिशा सांगतं, हा उतार नंतर खात्री देतो. हिमोग्लोबिन शनिवारी १२.१ आलं, म्हणजे नेहमीच्या जागी. रक्तस्रावाची शंका तिथे मिटली. शनिवारी संध्याकाळी काकू भाताची पेज आणि ताक घेऊन घरी गेल्या.

जिथे गुणोत्तराने दिशाभूल केली असती

काकूंचा हिशेब सरळ बसला. नेहमी तसं होत नाही. काही वर्षांपूर्वी पंचेचाळीसच्या आसपासचा एक शेतमजूर चार दिवसांच्या जुलाबानंतर आला. बीपी ७० च्या घरात, हातपाय गार. युरिया ११२, क्रिएटिनिन ४.१. बीयूएन ५२, गुणोत्तर जेमतेम १३. त्या दिवसांत फार तर काहीतरी फळ आणि पाणी पोटात गेलेलं. कमी खाणं हे गुणोत्तर खाली राहण्याचं एक कारण असू शकतं, कारण प्रथिनं पोटात गेली नाहीत तर युरिया कमी तयार होतं. यकृताच्या आजारातही तसंच होतं. पण त्याच्यात दुसरंच काही चाललं होतं. तीन लिटर भरल्यावर बीपी सावरलं, पण लघवी थेंबथेंबच राहिली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ५.० झालं. लघवीत मळकट तपकिरी साचे दिसले. रक्ताचा पुरवठा इतका वेळ कमी राहिला होता की नलिकांच्या पेशीच मेल्या होत्या, आणि मेलेल्या नलिका युरिया परत घेऊ शकत नाहीत. पाटाचीच भिंत ढासळली होती. म्हणून गुणोत्तर वाढलंच नव्हतं. त्याला त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन वेळा डायलिसिस लागलं आणि तीन आठवड्यांनी किडनी पूर्ववत झाली.

तो आणि काकू एकाच आजाराच्या दोन टोकांवर होते. पाणी कमी पडण्याची स्थिती फार लांबली की तिचं नलिकांच्या इजेत रूपांतर होतं, आणि मधली रेषा रिपोर्टवर छापलेली नसते. गुणोत्तर २६ आलं म्हणून नलिका सुरक्षितच आहेत असंही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. म्हणून जुलाबाच्या रुग्णात मी गुणोत्तर मांडतो, पण खाटेजवळ थांबून तीन गोष्टी पाहतो: पाणी दिल्यावर नाडी-बीपी सावरतं का, सहा तासांत लघवी येते का, आणि दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरतं का. यातली एक जरी जमली नाही तरी आणखी सलाईन ओतत बसत नाही. लघवी होत नसलेल्या माणसात भरलेलं पाणी फुफ्फुसांत उतरतं.

गोळ्या परत कधी

मंगळवारी, पाचव्या दिवशी काकू चालत आल्या. युरिया ३२, क्रिएटिनिन १.०, वजन ५७.६. जेवण नीट, जुलाब दोन दिवसांपासून बंद. बीपी १३८/८२ आणि उभं राहिल्यावर पडत नव्हतं. त्या दिवशी मेटफॉर्मिन सुरू केलं आणि टेल्मिसार्टन एकटंच, थायझाइडशिवाय. बीपीच्या गोळ्या बंद करताना सगळ्यांच्या लक्षात राहतं, परत सुरू करायच्या मात्र राहून जातात, आणि महिन्याभराने माणूस २०० बीपी घेऊन येतो. म्हणून तारीख फाइलवर लिहूनच बंद करतो. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं: युरिया २७, क्रिएटिनिन ०.९, पोटॅशियम ४.४. लघवीत प्रथिनं नाहीत. तीन महिन्यांनी आणखी एकदा तपासायचं ठरलं, कारण अशा इजेतून गेलेल्या किडनीवर पुढे थोडी जास्त नजर ठेवावी लागते, विशेषतः मधुमेह असेल तर.

जाताना काकूंनी फाइल पुढे केली. "आता यावर लिहून द्या. माझ्या ध्यानात राहत नाही, पण फाइल मी हरवत नाही." पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: उलट्या-जुलाब होऊन खाणं-पिणं सुटलं तर बीपीची आणि शुगरची गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करणे. दुखण्यासाठी मेडिकलमधून गोळी आणू नये, ताप किंवा अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल. ओआरएस पहिल्या जुलाबापासून, साखर असली तरी. चोवीस तास नीट खाणं-पिणं जमलं की दाखवून गोळ्या परत सुरू. सहा तास लघवी झाली नाही तर वाट न पाहता येणे.

काकूंनी ते वाचलं, आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "याचा फोटो काढून घे. मामाच्या घरी तिघं हीच गोळी घेतात."